‘मे धिस फेस्टिव्हल ब्रिंग…’ याचं मराठी कसं करावं?

चांदणी
आमच्या कार्यालयातून दिवाळीला ग्राहकांना संदेश जातो. इंग्रजी मजकूर ठरलेला आहे : ‘मे धिस फेस्टिव्हल ऑफ लाइट्स ब्रिंग जॉय, पीस अँड प्रॉस्पेरिटी टू यू अँड युअर लव्ह्ड वन्स.’ मराठी करायचं काम माझ्याकडे आहे. मी असं लिहिलं : ‘हा प्रकाशाचा सण आपल्या आणि आपल्या प्रियजनांच्या जीवनात आनंद, शांती आणि समृद्धी घेऊन येवो.’ व्याकरणात चूक दिसत नाही, पण मोठ्याने वाचलं की कुणी कुणाशी बोलतंय असं वाटतच नाही. नेमकं कुठे अडतंय?

पाटीपेन्सिल
मुळात ‘हॅपी दिवाळी’ म्हणायचंच कशाला? ‘शुभ दीपावली’ हे दोन शब्द पुरेसे आहेत.

चांदणी
‘हॅपी दिवाळी’ मी कुठेच लिहिलेलं नाही. मला पूर्ण वाक्य हवं आहे, दोन शब्दांचं शीर्षक नको.

निळीशाई
मला वाटतं अडचण शब्दांची आहे. ‘प्रकाशाचा सण’ काढून ‘दिव्यांचा सण’ करा, ‘समृद्धी’च्या जागी ‘भरभराट’ घाला. संस्कृत शब्द कमी केले की ऊब आपोआप येते.

मुद्रितशोधक
निळीशाई, तुमचं अर्धं पटतं. पण ‘हार्दिक’, ‘शुभेच्छा’ हेही संस्कृतच आहेत आणि ते कुणालाच परके वाटत नाहीत. अडचण वाक्याच्या घडणीत आहे. इंग्रजीत सण कर्ता होतो आणि तो तुमच्याकडे तीन वस्तू पोचवतो. मराठीत शुभ चिंतताना ती चांगली गोष्टच कर्त्याच्या जागी येते : सुख लाभो, भरभराट होवो, आयुष्य वाढो. पसायदानातली क्रियापदं आठवा. व्यंकटी सांडो, रती वाढो, तिमिर जावो. तेराव्या शतकापासून हा ओकारान्त घाट आपल्या कानात आहे. ‘घेऊन येवो’ आता शुभेच्छापत्रांवर सर्रास दिसतं, त्याला चूक म्हणणार नाही. पण त्या क्रियापदाआधी आनंद, शांती, समृद्धी अशी नामांची रांग लावली की यादी वाचल्यासारखं होतं.

सणाबद्दल बोलायचं तर आपल्याकडे आणखी एक सोपी रचना आहे, ती म्हणजे ‘सुखाची जावो’. ‘ही दिवाळी तुम्हाला सुखाची, समाधानाची आणि भरभराटीची जावो.’ इथेही नामं तीनच राहिली, पण ती दिवाळीची विशेषणं झाली. वाक्य एका दमात म्हणता येतं.

निळीशाई
‘शांती’चं ‘समाधान’ का केलंत? अर्थ बदलतो ना?

मुद्रितशोधक
थोडा बदलतो, पण बदलायलाच हवा. ‘शांती लाभो’ हे शब्द आपण सगळ्यात जास्त कुठे ऐकतो? श्रद्धांजलीत. ‘ईश्वर मृतात्म्यास शांती देवो.’ शिवाय ग्रहांची शांत करतात. दिवाळीच्या संदेशात ‘आपल्याला शांती लाभो’ असं गेलं तर वाचणारा क्षणभर दचकतो. ‘पीस’मधला जो निवांतपणा सणाला अभिप्रेत आहे, त्याला मराठी माणूस समाधान म्हणतो. ‘सुख-समाधान’ तर जोडीनेच येतं.

‘प्रियजन’चंही तसंच आहे. शब्द चांगला आहे, पण प्रियजनांचा वियोग, प्रियजनांच्या आठवणी अशा ठिकाणीच तो जास्त भेटतो. ‘लव्ह्ड वन्स’ला आपण ‘घरची मंडळी’ म्हणतो किंवा ‘घरच्या सगळ्यांना’.

चांदणी
आणि ‘प्रकाशाचा सण’?

मुद्रितशोधक
तो पूर्ण काढा. ज्यांना दिवाळी माहीत नाही त्यांच्यासाठी केलेलं ते स्पष्टीकरण आहे. मराठी वाचकाला दिवाळी म्हणजे काय ते सांगायला लागलात की तुम्ही बाहेरचे होता.

सरोजमावशी
माझा वेगळाच प्रश्न आहे. माझ्या शाळेतल्या बाई आता फार थकल्या आहेत. त्यांना दरवर्षी पत्र पाठवते. ‘ही दिवाळी तुम्हाला सुखाची जावो’ असं त्यांना लिहिणं बरं दिसेल का? मी त्यांना आशीर्वाद दिल्यासारखं होतं. आणि ‘जावो’ हा शब्द मला सणाला खटकतो. निघताना आपण ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो.

मुद्रितशोधक
मावशी, आधी ‘जावो’चं सांगतो. इथे माणूस जात नाही, काळ जातो. ‘दिवस चांगला गेला’ यात कुणाला अशुभ वाटत नाही. ‘दिवाळी सुखाची येवो’ म्हटलं तर ती नुसती आली, पुढे कशी सरली ते राहूनच गेलं. तरी खटकत असेल तर ‘दिवाळी सुखाची होवो’ म्हणता येईल.

सरोजमावशी
‘होवो’ बरं. पण ते म्हणताना मला जरा नवं वाटतं.

धाकटी
मावशी, बाईंना आधी ‘सादर नमस्कार’ लिहा ना, मग शुभेच्छा. माझी आजी मोठ्यांना लिहिताना आधी नमस्कार, मग प्रकृतीची चौकशी, मग सण असंच लिहायची. चौकशी आधी असली की आशीर्वाद दिल्यासारखं वाटत नाही.

सरोजमावशी
हे पटलं. ‘तुमची तब्येत सांभाळून दिवाळी आनंदात करा’ एवढंच लिहीन.

मुद्रितशोधक
तुमचं वाक्य माझ्या वाक्यापेक्षा चांगलं आहे, कारण ते त्याच बाईंना लिहिता येतं. चांदणींना ते ग्राहकांना पाठवता येणार नाही, तिथे माणूस माहीत नसतो.

चांदणी
बरोबर. मग ‘आपण’ ठेवू की ‘तुम्ही’?

निळीशाई
ग्राहकांना ‘आपण’च हवं. ‘तुम्ही’ उद्धट वाटेल.

मुद्रितशोधक
मला नाही वाटत. ‘आपल्या कुटुंबाला’ म्हणताच कुणाचं कुटुंब ते कळत नाही, कारण ‘आपल्या’त बोलणाराही येऊ शकतो. ‘तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना’ यात आदर आहे आणि गोंधळ नाही. मात्र निमंत्रणपत्रिकेत किंवा पदाधिकाऱ्याला लिहिताना मीही ‘आपणांस’ लिहीन.

निळीशाई
माझं मत बदललेलं नाही. अनोळखी माणसाला ‘आपण’.

चांदणी
मी दोन्ही करून कार्यालयात दाखवते. सध्या असं झालंय : ‘दिवाळीच्या मनापासून शुभेच्छा! ही दिवाळी तुम्हाला आणि घरच्या सगळ्यांना सुखाची, समाधानाची आणि भरभराटीची जावो.’ आता पुढची अडचण. हाच साचा सगळ्या सणांना वापरायचा आहे. सणाचं नाव तेवढं बदललं जाईल.

मुद्रितशोधक
नाव बदललं की वाक्य मोडेल. दिवाळी, होळी, संक्रांत स्त्रीलिंगी म्हणून ‘सुखाची’. पाडवा, दसरा पुल्लिंगी म्हणून ‘ही’चं ‘हा’ आणि ‘सुखाचा’. नवीन वर्ष नपुंसकलिंगी, तिथे ‘हे’ आणि ‘सुखाचं’. शिवाय नावामागे नुसतं ‘च्या’ जोडलं तर ‘पाडवाच्या’, ‘दसराच्या’ होईल. हवं ‘पाडव्याच्या’, ‘दसऱ्याच्या’, ‘संक्रांतीच्या’. इंग्रजी साच्यात एक मोकळी जागा पुरते, मराठीत नाही. प्रत्येक सणाचं पूर्ण वाक्य हाताने लिहून ठेवा, यादी काही फार मोठी नसते.

धाकटी
नाताळ आणि ईद? ‘नाताळच्या’ की ‘नाताळाच्या’?

मुद्रितशोधक
नियमाने ‘नाताळाच्या’, बोलण्यात ‘नाताळच्या’, छापलेली दोन्ही दिसतात. ईदला मात्र ‘ईदच्या शुभेच्छा’ इतकं रुळलंय की मी ‘ईदेच्या’ लिहिणार नाही. निळीशाई काय म्हणतात?

निळीशाई
‘ईदच्या’ मान्य. नाताळाला मी ‘आ’ लावते.