मदत हवी आहे: सिंक्रोनस मोटरचे एक्सायटेशन किती वाढवावे?

धागाकर्ता: कंप्रेसरघर

नमस्कार. आमच्या कारखान्यात हवेच्या कंप्रेसरवर एक जुनी 415 व्होल्टची सिंक्रोनस मोटर आहे. पूर्ण भारावर ती सुमारे 100 किलोवॅट घेते. तिच्या नेमप्लेटवर पॉवर फॅक्टर 1.0 आणि फील्ड करंट 12 अँपिअर असे लिहिले आहे. उरलेल्या कारखान्याचा भार 300 किलोवॅट असून त्याचा पॉवर फॅक्टर 0.75 लॅगिंग आहे.

12 अँपिअरला स्टेटरचा करंट 139 अँपिअर, म्हणजे किमान असतो. फील्ड 15 पर्यंत वाढवल्यावर स्टेटर 153 वर गेला आणि मुख्य मीटरवरचा पॉवर फॅक्टर 0.83 वरून 0.88 झाला. फील्ड साडेनऊपर्यंत उतरवले, तेव्हाही स्टेटर जवळपास 153 च दाखवत होता, पण मीटरवरचा पॉवर फॅक्टर मात्र बिघडत गेला. मला 0.90 गाठायचे आहे. तेव्हा फील्ड 17 अँपिअरपर्यंत नेले तर चालेल का?

विद्युतमित्र

अवश्य न्या. ओव्हरएक्साइट केलेली मोटर कपॅसिटरसारखी वागते आणि वाढलेला करंट वॉटलेस असल्यामुळे मोटरवर त्याचा भार येत नाही. स्टेटरच्या अँमीटरकडे फार लक्ष देऊ नका.

जुना मेंटेनन्सवाला

विद्युतमित्रांचे कपॅसिटरबद्दलचे म्हणणे बरोबर आहे, वाढलेल्या करंटबद्दलचे धोकादायक आहे. तांब्याला करंट लीडिंग आहे की लॅगिंग, हे कळत नाही. ते करंटच्या वर्गाच्या प्रमाणातच तापते.

फील्डनुसार स्टेटर करंट कसा बदलतो ते दाखवणाऱ्या व्ही-कर्व्हच्या दोन्ही बाजू आपण पाहिल्या आहेत. एकच 153 अँपिअर दोन ठिकाणी मिळतो, म्हणून नुसता स्टेटर अँमीटर पाहून बाजू ओळखता येत नाही. फील्ड किंचित वाढवावे: स्टेटर उतरला तर आपण डाव्या, म्हणजे लॅगिंग बाजूला आहोत आणि चढला तर उजव्या बाजूला.

आता मूळ प्रश्न. मोटरचा सिंक्रोनस रिअॅक्टन्स तिच्या रेटिंगवर एक पर युनिट धरला, तर 15 अँपिअरला ती सुमारे 46 केव्हीएआर देते, आणि तुमच्या मीटरचे 0.88 त्याच्याशी नीट जुळते. 0.90 साठी तिच्याकडून सुमारे 71 केव्हीएआर घ्यावे लागतील. त्यासाठी फील्ड सुमारे 17 अँपिअर आणि स्टेटर 171 लागेल. लोखंड संपृक्त झाले तर फील्ड आणखी जास्त लागेल. 17 अँपिअरला फील्ड वाइंडिंगची उष्णता 12 च्या दुप्पट होते. 0.8 लीडिंगसाठी बांधलेल्या मोटरमध्ये फील्डचे तांबे आणि स्टेटर दोन्ही त्यासाठी मोठे केलेले असतात. तुमची मोटर तशी नाही.

तृतीय वर्ष

आमच्या प्रयोगात भार वाढवल्यावर वक्राचा तळ उजवीकडे सरकला. फील्ड कमी करत गेलो, तेव्हा अँमीटरचा काटा आधी हेलकावू लागला आणि मग मोटर सिंक्रोनिझममधून निसटली. तुमच्याकडेही तसेच होत आहे का? प्रयोगवहीत लिहायला कारण हवे होते.

जुना मेंटेनन्सवाला

हा प्रश्न वेगळा आहे, पण साडेनऊ अँपिअरचा प्रयोग पुन्हा का करू नये, हे त्यातून कळते. भार वाढला की वाढीव टॉर्कसाठी रोटर जास्त मागे सरकतो आणि युनिटी राखायला जास्त फील्ड लागते. म्हणून तळ सरकतो. फील्ड कमी असताना मागे सरकण्याची मर्यादाच जवळ येते, आणि पिस्टन कंप्रेसरचा टॉर्क मुळातच झटके देणारा असतो.

कंप्रेसरघर, फील्डचे तापमान मोजले आहे का?

कंप्रेसरघर

15 अँपिअरवर दोन तास चालवल्यावर स्लिपरिंगवरच 78 व्होल्ट मिळाले. थंड असताना, 30 अंशांना, वाइंडिंगचा रोध 4 ओहम होता.

जुना मेंटेनन्सवाला

म्हणजे आता 5.2 ओहम. तांब्याच्या हिशोबाने सरासरी तापमान सुमारे 109 अंश आहे. 17 अँपिअरला ते 130 च्या वर जाईल. इन्सुलेशन बी वर्गाचे असेल, तर ते नक्कीच मर्यादेबाहेर आहे.

मी फील्ड 12 वरच ठेवीन. कंप्रेसर अर्ध्या भारावर असतो, तेव्हा त्याच 12 अँपिअरला मोटर सुमारे 32 केव्हीएआर आपोआप देते आणि स्टेटर 83 अँपिअरच राहतो. पूर्ण भारावर लागणाऱ्या 71 केव्हीएआरसाठी कपॅसिटर पॅनेल लावा.

विद्युतमित्र

उष्णतेचा मुद्दा मान्य आहे, माझे चुकले. तरीही व्होल्टेज पडल्यावर कपॅसिटरचे केव्हीएआर त्याच्या वर्गाने घटतात, तर तेवढ्याच फील्डवर, भार कमी असताना, मोटर उलट जास्त देते. आमच्या फीडरवर व्होल्टेज रोज संध्याकाळी पडते. तिथे नुसते पॅनेल पुरेल का?

कंप्रेसरघर

आमच्याकडेही व्होल्टेज पडते, फक्त किती ते नोंदवलेले नाही. इन्सुलेशनचा वर्ग नेमप्लेटवर पुसट झाला आहे. तो कळेपर्यंत फील्ड 12 वर आणले आहे. पुढच्या आठवड्यात संध्याकाळच्या व्होल्टेजची नोंद इथे देतो, मग पॅनेलचा आकार ठरवू.