मदत हवी आहे: बाळाची कार सीट आणि तिच्यासोबत चालणारं स्ट्रोलर

मुलगी पाच महिन्यांची आहे, वजन साडेसात किलो, उंची ६६ सेंमी. आमच्या गाडीत आयसोफिक्सचे हुक नाहीत, त्यामुळे सीट बेल्टनेच बसवावी लागेल.

दुकानात दोन सीट पाहिल्या. एकीच्या नारिंगी लेबलवर आर४४/०४ हे सुरक्षा मानक आहे, दुसरीच्या लेबलवर आर१२९ हे नवं मानक. जुन्या आर४४ मध्ये ९ किलो झाले की बाळाला पुढे तोंड करून बसवायला परवानगी आहे. आमची मुलगी तिथवर वर्षाच्या आतच पोहोचेल, आणि एवढ्या लहान मानेला समोरच्या धडकेचा झटका सोसणार नाही याची मला खरंच भीती वाटते. आर१२९ मध्ये १५ महिन्यांपर्यंत मागे तोंड सक्तीचं आहे, शिवाय बाजूच्या धडकेचीही चाचणी होते. म्हणून माझा कल तिकडेच आहे. पण त्या प्रकारातल्या बऱ्याच सीट आयसोफिक्सवाल्याच दिसतात. बेल्टने बसणारी, मागे तोंडाची आर१२९ सीट कोणी वापरली आहे का? बेल्ट मागून फिरवून आणताना लांबीला पुरला का? कोणत्या ब्रँडची घेतली?

स्ट्रोलरबद्दल एकच अडचण. एका हाताने घडी होणारं हवं, कारण दुसऱ्या हातात बाळ असतं. दुकानात पाहिलेल्याची घडी घालण्याआधी बैठक काढावी लागत होती. घडी झाल्यावर आपोआप लॉक होणारं, आणि ज्याचे कार सीटचे अडॅप्टर इथल्या दुकानांत सुटे मिळतात, असं कोणतं आहे?