मदत हवी आहे: गाईडना प्रगतीचा मेल कसा लिहू?

नमस्कार. माझा पीएचडीचा विषय यवतमाळमधल्या विहिरींच्या पाण्यातलं फ्लोराइड. मे महिन्यात ४२ नमुने घेतले, सगळ्यांची तपासणी झाली. अडचण ९ नमुन्यांची आहे. त्यांत धन आणि ऋण आयनांची बेरीज जुळत नाही, फरक १० टक्क्यांच्या वर जातो. ५ च्या आत हवा. ऋण बाजू कमी पडते. बाटल्या उजेडात धरल्या तर तळाशी पांढरी साय दिसते. बायकार्बोनेटचं टायट्रेशन विहिरीवरच करायला हवं होतं, मी १२ दिवसांनी केलं. तोवर चुना खाली बसला. कॅल्शियमची बाटली आम्ल घातलेली, म्हणून ती शाबूत राहिली. फ्लोराइडचे आकडे माझ्या मते वापरता येतील, पाण्याचा प्रकार मात्र ठरवता येणार नाही.

आता पाऊस सुरू झालाय, पाणी बदललं. सरांकडून एकच निर्णय हवा: ते ९ नमुने पाण्याच्या प्रकाराच्या आलेखातून वगळायचे, की पुढच्या मेपर्यंत थांबायचं? सर मेल मोबाईलवर वाचतात. हा प्रश्न पहिल्याच ओळीत टाकू, की आधी झालेलं काम लिहू? चूक माझी आहे हे सरळ लिहिणारच आहे. ज्यांनी असे मेल लिहिलेत त्यांनी कृपया सांगा.