हॉस्पिटलच्या बेसमेंटमधली रेंज : जबाबदारी कुणाची?

वारजेकर : पुण्यातल्या एका हॉस्पिटलात बाबांचा सीटी स्कॅन होता, दुसऱ्या बेसमेंटला. मी बाहेर बाकावर बसलेलो, वॉर्डातून सिस्टरने तीनदा फोन लावला आणि मला एकही आला नाही. शेजारच्या काकूंचा फोन मात्र मस्त चालू, त्यांचं सिम दुसऱ्या कंपनीचं. छताला बशीएवढ्या पांढऱ्या चकत्या होत्या, त्या अँटेनाच ना? मग सगळ्यांना रेंज का नाही? माझं मत, रेंज देणं हॉस्पिटलचं काम आहे, लिफ्ट देतात तसं.

फॅसिलिटीवाला : अजिबात पटलं नाही. मी अशाच एका बिल्डिंगचं मेंटेनन्स बघतो. रिचार्जचे पैसे कंपनी घेते, मग केबल आम्ही का टाकायची? आणि चालू हॉस्पिटलात छत उघडणं म्हणजे काय ते बाहेरच्यांना कळत नाही, आयसीयूच्या कॉरिडॉरमध्ये एक टाइल काढायची तरी धूळ अडवायला प्लास्टिक लावा, इन्फेक्शन कंट्रोलची परवानगी घ्या, काम रात्रीच करा. वर इक्विपमेंटला खोली आणि चोवीस तास लाइट पण आमचीच. भाडं मागितलं तर काय चुकलं?

फीडरकेबल : चौदा वर्षं हेच काम करतोय म्हणून लिहितो. त्या चकत्या अँटेनाच, पण त्यांच्यामागची केबल बहुतेक एकाच कंपनीच्या रेडिओला, म्हणजे सिग्नल सोडणाऱ्या यंत्राला, जोडलेली असणार. बिल्डिंगने भाड्यासाठी एकीशीच करार केला की बाकीच्या बाहेर. खरं तर त्याच केबलवर चारही कंपन्यांचे सिग्नल एकत्र सोडता येतात, खाली एक कंबायनर लागतो, छत परत उघडावं लागत नाही. टेलिकॉम नियामक ट्रायने जानेवारी 2017 मध्येच शिफारस केली होती की बिल्डिंगमध्ये एकाच कंपनीची मक्तेदारी नको, सिस्टीम सगळ्यांनी वापरावी. त्यामुळे फॅसिलिटीवाले, धुळीचं तुमचं म्हणणं शंभर टक्के खरं, पण म्हणूनच एकदाच उघडा आणि सगळ्यांना घ्या ना.

सुगरण_डोंबिवली : पण हॉस्पिटलात इतक्या अँटेना कशाला? मशीन बिघडतात म्हणून तर आयसीयूत मोबाईल बंद करायला लावतात. नसलेलंच बरं.

फीडरकेबल : ताई, मोबाईल मशीनला चिकटून नको हे बरोबर. पण छतावरची चकती साधारण दहा-वीस मिलीवॅट सोडते आणि रेंज कमी असलेला 4जी फोन टॉवरपर्यंत पोचायला दोनशेपर्यंत जातो, तोही पेशंटच्या उशाशी. अँटेना जवळ असली की फोन आपोआप हळू बोलतो.

नाशिककर : माझ्या दुकानात पण रेंज नव्हती, ऑनलाइन बूस्टर मागवला, अडीच हजारात काम झालं. हॉस्पिटलने पण तेच लावावं, एवढी चर्चा कशाला.

फीडरकेबल : दादा तो आधी बंद करा, मनापासून सांगतो. परवानगीशिवाय लावणं बेकायदा आहेच, पण त्याचा आतला-बाहेरचा अँटेना जवळ आला की माइक स्पीकरसमोर धरल्यावर शिट्टी वाजते तसं होतं आणि तो गोंगाट थेट टॉवरला जातो. तुमच्या दुकानात फुल दांड्या आणि अख्ख्या गल्लीचे कॉल तुटतात.

आयटीवाली : छताची अँटेना आणि दादांचा बूस्टर दोन्ही राहू दे, वायफाय कॉलिंग आहे की! हॉस्पिटलात वायफाय असतंच.

वारजेकर : तेच केलं हो मी. गेस्ट वायफायला नंबर टाकला, लॉगिनला ओटीपी हवा, आणि ओटीपी यायला रेंज हवी! शेवटी रॅम्पवर अर्ध्यात चढून गेलो, तिथे ओटीपी आला, खाली येईपर्यंत वेळ संपली.

आयटीवाली : अरे देवा. पण तो लॉगिनचा दोष, तेवढा सुधारला तर वायफाय चालेल, या मतावर मी ठाम आहे.

फॅसिलिटीवाला : बरं, चार कंपन्या घेतल्या समजा. मग 5जी? आम्हाला सांगितलं की जुनी सिस्टीम निकामी, सगळं नवीन टाका. हा खर्च कुणाचा?

फीडरकेबल : निकामी नाही, अर्धवट. केबलमधला सिग्नल वाटून देणारे जुने स्प्लिटर बहुतेक 2700 मेगाहर्ट्झपर्यंतचेच असतात आणि 5जी मुख्यतः 3300 च्या वर. केबलही खाते : अर्ध्या इंचीच्या शंभर मीटरमधून 900 वर साधारण पाचवा भाग पोचतो, 3500 वर पंचविसावा. म्हणून 5जी साठी प्रत्येक मजल्यावर स्मॉल सेल, म्हणजे छोटा रेडिओच, फायबरने नेतात. पण कॉल आणि ओटीपीला जुनी केबल पुरते, त्यासाठी 5जी ची वाट बघू नका. खर्चाचं म्हणाल तर माझ्या मते केबल बिल्डिंगची, रेडिओ कंपनीचा.

फॅसिलिटीवाला : केबलचं अजूनही पटलेलं नाही. ट्रायचे 2024 चे कनेक्टिव्हिटीवरून इमारतींना स्टार देणारे नियम पण ऐच्छिकच आहेत, मॅनेजमेंटला काय दाखवू? एकाच कंपनीचा करार मात्र आमचाही आहे, रिन्यूअलला ती अट काढायला सांगतो.

वारजेकर : मी पुढच्या तारखेला दोन्ही सिम नेऊन मोजणार.

फीडरकेबल : अँड्रॉइडला `*#*#4636#*#*` डायल करून बघा, बऱ्याच फोनवर चालतं. सिग्नल -85 डीबीएमच्या आसपास म्हणजे चकतीचा, -115 च्या खाली म्हणजे रॅम्पवरून झिरपलेला. बाकावर बसूनच मोजा, चकतीखाली उभं राहून नको.