मदत हवी आहे : भारित सरासरीत रिकाम्या नोंदींचे लिटर कसे वगळावेत?

नमस्कार. आमच्या गावच्या दूध संकलनाचा हिशेब मी एक्सेलमध्ये ठेवतो. B स्तंभात लिटर आणि C स्तंभात फॅट असून, जास्त दुधाचा भार जास्त धरला जावा म्हणून सरासरी फॅटसाठी मी पुढील सूत्र वापरतो.

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUM(B2:B5)
```

परवाच्या नोंदी अशा होत्या : ४० लिटरला ४.० फॅट, ६० लिटरला ३.५, १०० लिटरला ४.२ आणि ५० लिटरचा नमुना सांडल्यामुळे फॅटचा रकाना रिकामा. उत्तर ३.१६ आले, म्हणजे सर्वांत कमी फॅटपेक्षाही कमी, आणि तेव्हाच मला शंका आली. रिकामा रकाना शून्य धरला गेल्याने गुणाकारांची बेरीज ७९० बरोबर येते, परंतु भागाकार २०० ऐवजी २५० ने होतो. म्हणून मी छेद असा बदलला.

```
=SUMPRODUCT(B2:B5,C2:C5)/SUMIF(C2:C5,">0",B2:B5)
```

आता ३.९५ येते आणि ते हाताने केलेल्या हिशेबाशी जुळते.

अडचण पुढची आहे. यंत्रावरून आलेल्या फाइलमध्ये काही फॅट मजकूर म्हणून उतरतात (रकान्यात ते डावीकडे सरकलेले दिसतात), आणि अशी ओळ अंश व छेद दोन्हींतून गुपचूप गळते, त्यामुळे उत्तर संशयास्पदही वाटत नाही. मूळ स्तंभाला हात न लावता हे मजकुरी आकडे धरणारे, पण खरोखर रिकामे रकाने वगळणारे एकच सूत्र कोणी सुचवू शकेल का?