हरणाऱ्याने खर्च भरायचा, पण हरलं कोण?

नंदिनी: दावा ५० लाख डॉलरचा होता, लवादाने मंजूर केले १० लाख आणि त्यावर व्याज. प्रतिवादीने सुनावणीआधीच व्याजासह १२ लाख देऊ केले होते, दावेदाराने नाकारले. आता खर्च कोणी भरायचा?

केदार: प्रतिवादीने. पैसे देणं लागत होता आणि लवादापर्यंत जावं लागलं, म्हणजे तोच हरला. युनसिट्रल या संयुक्त राष्ट्रांच्या व्यापार कायदा आयोगाच्या लवाद नियमावलीचं कलम ४२ हेच सांगतं.

शलाका: अर्धंच सांगताय. त्याच कलमात परिस्थिती पाहून खर्च वाटून द्यायची मुभा आहे. ५० पैकी १० मिळाले, तर दावेदार ८० टक्के हरला. खर्चही त्याच प्रमाणात वाटावा.

वासंती: रकमेचं प्रमाण फसवं असतं, शलाकाताई. आकडा फुगवला म्हणून सुनावणी पाचपट लांबली असं होत नाही. कोणत्या मुद्द्यावर किती वेळ गेला ते पाहावं लागतं.

खरी मेख प्रस्तावात आहे. त्या १२ लाखांची तुलना निवाड्याच्या अंतिम आकड्याशी करायची नाही. प्रस्ताव दिला त्या दिवशी दावेदाराचे किती निघत होते, त्याच्याशी करायची. समजा तोवर तीन वर्षं थकबाकी होती. सरळ व्याज ५ टक्के धरलं तर ११.५ लाख होतात. म्हणजे प्रस्ताव पुरेसा होता, आणि त्यानंतरचा खर्च दावेदारावर टाकायला भक्कम कारण मिळतं. ८ टक्के धरलं तर १२.४ लाख होतात, मग नकार योग्य ठरतो. व्याजाचा दर, आणि ते कोणत्या तारखेपासून, यावरच खर्चाचा निकाल फिरतो. वकील मात्र व्याजावर शेवटची दोन पानं लिहून मोकळे होतात, याचा मला खरंच संताप येतो.

रमेश: आमच्या करारात लिहिलंय की निकाल काहीही लागो, सगळा खर्च आम्हीच भरायचा. मग जिंकून उपयोग काय?

वासंती: रमेशराव, तुमचा मुद्दा वेगळा आहे. लवादाचं स्थान इंग्लंडमध्ये असेल तर तिथल्या १९९६ च्या लवाद कायद्याचं कलम ६० पाहा. करारातली अशी अट वाद उद्भवल्यानंतर मान्य केली असेल तरच चालते. इतरत्र तिथला कायदा बघावा लागेल.

केदार: पण १२ आणि १२.४ मध्ये फरक ४० हजारांचा. तेवढ्यावरून लाखोंचा खर्च इकडून तिकडे? हे न्याय्य नाही.

वासंती: म्हणूनच बरीच लवाद मंडळं तो आकडा कडेलोटासारखा वापरत नाहीत. पण प्रस्तावाचं बंद पत्र उघडायचं कधी, हे आधी ठरवा. गुणवत्तेवरचा निवाडा आधी द्यायचा, खर्चाचा प्रश्न राखून ठेवायचा आणि मगच ते पत्र मंडळापुढे ठेवायचं. आधीच दिसलं तर देण्याची कबुलीच वाटते.

शलाका: म्हणजे दोन निवाडे, आणखी युक्तिवाद, आणखी खर्च. तो कोणाच्या खात्यात?