मदत हवी आहे: कोंबडी न खाल्लेल्या पाहुणीलाच त्रास झाला, चूक कुठे झाली?

सुरंगीचा_वळेसर:
आमचं मालवणजवळ छोटं होमस्टे आहे, चार खोल्या. स्वयंपाक मी, सासूबाई आणि मदतीला एक मुलगी. गेल्या रविवारी पुण्याचे सहा पाहुणे होते. दुपारी कोंबडी-वडे, सोलकढी, काकडीची कोशिंबीर, आणि त्यांच्यातल्या एक मावशी शाकाहारी म्हणून डाळ-भात, बटाट्याची भाजी. दीड वाजता पानं वाढली. सोमवारी सकाळी ते निघाले. मंगळवारी पहाटे त्यांचा फोन आला, मावशींना रात्री एक-दोनपासून ताप, पोटात पिळ आणि जुलाब. त्यांच्या दहा वर्षांच्या नातवालाही तेच. बाकी चौघे ठणठणीत.

कोंबडी तर मी तासभर शिजवली होती, हाडापासून मांस सुटत होतं. आणि मावशींनी ती खाल्लीही नाही! मग आमच्या स्वयंपाकात नेमकं काय बिघडलं असेल? डॉक्टरांनी सलाईन लावलं, आता दोघेही बरे आहेत, तपासणी वगैरे काही केली नाही. पण मला झोप लागत नाहीये. कृपया कुणीतरी नीट सांगा.

खलाशी_07:
बांगडा खाल्ला होता का? मला एकदा बांगड्याने अंगभर गांधी उठल्या, तोंड लाल, डोकं ठणकत होतं, तेही ताटावरून उठायच्या आत. उन्हात राहिलेली मासळी असेल.

सुरंगीचा_वळेसर:
दादा, मासे नव्हतेच त्या दिवशी. समुद्र खवळलेला होता.

बर्फाची_लादी:
खलाशीभाऊ, तुमचं ते प्रकरण वेगळं. बांगडा, कुपा असे मासे बर्फाविना राहिले की त्यांच्यात हिस्टामिन तयार होतं. ते शिजवून जात नाही आणि खाल्ल्यावर मिनिटांत, फार तर तासा-दोन तासांत त्रास देतं. इथे तब्बल दीड दिवस गेलाय.

ताई, मी रत्नागिरीत मासळी प्रक्रियेच्या कारखान्यात बरीच वर्षं क्वालिटी बघायचो. रविवारी दुपारी दीड ते मंगळवारी पहाटे एक-दोन म्हणजे साधारण 36 तास. कोंबडीवरच्या साल्मोनेलाची लक्षणं बहुधा 12 ते 72 तासांत दिसतात, त्यामुळे तो यात बसतो. नासलेल्या अन्नातल्या तयार विषाने त्रास झाला असता तर संध्याकाळीच उलट्या सुरू झाल्या असत्या. पण तासभर शिजवल्यावर साल्मोनेला उरत नाही, म्हणून शिजलेली कोंबडी सोडा. त्या दिवशी न शिजवलेलं काय काय पानात होतं आणि ते कशावर, कुणी, किती वाजता केलं, एवढं आठवून लिहा. मिनिटामिनिटाचं लिहिलंत तरी चालेल.

मीठमिरची:
लाकडी पाट असेल तर आधी फेकून द्या. लाकडात जंतू मुरतात. प्लॅस्टिकचा घ्या, प्रश्न मिटला. आणि कोंबडीला हळद, मीठ, लिंबू चोळून अर्धा तास ठेवली की जंतू मरतातच.

सुरंगीचा_वळेसर:
पाट नाही, आम्ही सगळं विळीवरच करतो. आठवतंय तसं लिहिते.

साडेनऊला दुकानातून दोन किलो कोंबडी आली, काळ्या पिशवीत. पिशवी ओट्यावरच ठेवली. तुकडे मोठे होते म्हणून दहाच्या सुमारास मी विळीवर लहान केले. मग नळाखाली धुतली (सासूबाईंना तीनदा धुतल्याशिवाय चालत नाही), हळद-मीठ-आलं-लसूण चोळून ठेवली. विळीचं पातं घासणीने साबण लावून धुतलं, हे नक्की. साडेदहाला त्याच विळीच्या खवणीवर तीन नारळ खवले. दोन वाटपाला, एक सोलकढीला. दूध मी हातानेच पिळलं. अकरापर्यंत सोलकढी तयार होती. फ्रिज पाहुण्यांच्या बाटल्यांनी भरलेला, म्हणून पातेलं ओट्यावरच झाकून ठेवलं. काकडी मदतीच्या मुलीने सुरीने चोचवली, ती सुरी वेगळी होती.

मावशींनी सोलकढी दोन वाट्या मागून घेतली. नातवानेही. कोंबडी खाणाऱ्यांनी एखादी वाटी घेतली असेल, एकाने तर नाहीच.

बर्फाची_लादी:
बघा ताई, तुमचं उत्तर बहुतेक तुम्हीच लिहिलंत.

विळी उलटी करून उजेडात बघा. पातं जिथे लाकडात रोवलेलं असतं तिथे एक फट असते. कोंबडी कापताना रक्त आणि पाणी पात्यावरून ओघळून त्याच फटीत उतरतं. खवणीच्या दातांमध्येही तसंच, कारण कापताना मांसाचा हात लागतोच. पातं तुम्ही धुतलंत, पण घासणी त्या फटीत जात नाही आणि दातांच्या मुळाशीही पोचत नाही. त्यानंतर तीन नारळांच्या ओल्या वाट्या त्याच दातांवर फिरल्या.

आता खोबऱ्याच्या दोन वाटा पडल्या. वाटपाचं खोबरं भाजलं गेलं, रश्शात उकळलं, म्हणून रश्शातून कुणाला काही झालं नाही. सोलकढीचं खोबरं कधी आगीजवळ गेलंच नाही. त्यात कोंबडी चोळलेले हात दुधात, आणि मग अडीच तास ओट्यावर आपल्या दमट हवेत. कोकमाचा आंबटपणा जंतूंना मारेल या भरवशावर राहू नका. सोलकढी तेवढी आंबट नसते, आणि साल्मोनेला थोड्या आंबटात तग धरतो.

लिंबू-हळदीचंही तेच. मांसाची चव सुधारते, वास जातो, जंतू राहतात.

सुरंगीचा_वळेसर:
हात मी धुतले होते हो.

बर्फाची_लादी:
साबणाने? आणि नळ कोणत्या हाताने उघडलात?

सुरंगीचा_वळेसर:
साबणाने नाही. नळाखाली धरले आणि मसोत्याला पुसले. नळ अर्थात त्याच हाताने. मिठाच्या डब्यातही तोच हात गेला असणार, कारण कोंबडीला मीठ मीच घातलं.

बर्फाची_लादी:
हेच सगळ्यांकडे होतं, वाईट वाटून घेऊ नका. कारखान्यात आम्ही नळ कोपराने उघडायचे बसवले होते ते यासाठीच. घरी सोपा उपाय असा, की कोंबडीला हात लावण्याआधी मीठ, हळद, मसाला एका वाटीत काढून घ्यायचा, म्हणजे मधे डब्यांना हात लागत नाही. काम झालं की नळ दुसऱ्या कुणाला उघडायला सांगायचा, नाहीतर कोपराने. साबण लावून वीसेक सेकंद चोळायचं, नखांखालीसुद्धा. आणि ते मसोतं त्या दिवशी पुन्हा स्वच्छ हाताला लावायचं नाही, धुवायला टाकायचं.

परसदार:
आमच्या आवशीन माशांची विळी कधी घरात येवक दिल्यान नाय. मागीलदारी, माडाच्या बुंध्याशी बसून मासे कापायचे, तिथेच धुवायचे, विळी बाहेरच पडवीला टांगलेली. घरात नारळाची आणि भाजीची वेगळी. आम्हाला वाटायचं, हे सोवळं-ओवळं. आता ओट्याच्या जमान्यात सगळं एका ठिकाणी आलं.

मीठमिरची:
तरी मी म्हणते लाकूड वाईट.

बर्फाची_लादी:
अर्धं बरोबर आहे तुमचं. अमेरिकेत डेव्हिस विद्यापीठातल्या डीन क्लायव्हर यांच्या प्रयोगांत उलटंच दिसलं होतं. गुळगुळीत लाकडाच्या आत शिरलेले जंतू हळूहळू मरत होते, आणि सुरीचे ओरखडे पडलेल्या प्लॅस्टिकमधून ते साध्या धुण्याने निघत नव्हते. म्हणून जुना, खरवडलेला प्लॅस्टिकचा पाट फेकायचा, चांगला लाकडी नाही. पण विळीची फट हा वेगळाच प्रश्न आहे. तिथे लाकूड सतत ओलं राहतं.

कोकमसार:
मग विळीवर टीसीएल टाकावं का? आम्ही विहिरीत टाकतो तसं.

बर्फाची_लादी:
विहिरीची पावडर अंदाजाने टाकू नका. दुकानात 4 टक्क्यांचं सोडियम हायपोक्लोराइट मिळतं, त्याचा एक छोटा चमचा, म्हणजे 5 मिली, लिटरभर पाण्यात. हे पाट, ओटा, नळाची चावी यांना. आधी साबणाने तेलकटपणा काढायचा, नाहीतर क्लोरीन त्या चरबीतच संपतो. मग दोन मिनिटं ओलं ठेवून धुवायचं आणि उन्हात वाळवायचं. लिंबू, व्हिनेगर किंवा संडास साफ करायच्या ॲसिडबरोबर चुकूनही मिसळू नका, विषारी वायू निघतो. लोखंडी पात्याला मात्र हे नको, ते गंजतं आणि गंजाच्या खड्ड्यांत पुन्हा घाण बसते. पातं साबणाने घासून मग त्यावर खळखळतं पाणी ओतायचं. आधी उकळतं ओतू नका, रक्त शिजून चिकटतं.

सुरंगीचा_वळेसर:
दोन विळ्या घेईन म्हणते. पण ओटा एकच, आणि सासूबाई कोंबडी धुवायचं सोडणार नाहीत.

बर्फाची_लादी:
ओटा एक असेल तर वेळ वेगळी करा. सकाळी उठल्यावर आधी नारळ खवून डब्यात बंद करून फ्रिजमध्ये, त्यासाठी दोन बाटल्या बाहेर काढा. कोथिंबीर, काकडी, लिंबं कापून झाकून तीही आत. मग शेवटी कोंबडी. ती आल्यावर पिशवी ओट्यावर नाही, सरळ परातीत. तिचं काम संपलं की ओटा, नळ, विळी धुवायची, आणि सोलकढीचं दूध जेवणाआधी धुतलेल्या हाताने पिळायचं.

धुण्याबद्दल माझं मत, धुऊच नका, शिजवल्यावर काही उरत नाही आणि नळाच्या तुषारांनी ओट्यावरची कोथिंबीर भिजते.

परसदार:
दुकानातल्या कोंबडीला पिसं, रक्ताच्या गुठळ्या असतात हो. न धुता कोण खाणार?

बर्फाची_लादी:
मग मागीलदारी, टोपात पाणी घेऊन, हळूच बुडवून काढा. नळ सोडू नका. ते पाणी भाजीच्या वाफ्यात टाकू नका. यापेक्षा मी तडजोड करत नाही.

सुरंगीचा_वळेसर:
सासूबाईंना वाचून दाखवलं. मागीलदारचं त्यांना पटलं, त्यांच्या माहेरी तसंच होतं म्हणे. जुनी विळी आज उलटी केली. फटीत काळं, बोटाने खरवडलं तर तेलकट लागलं, वास असा की मी लगेच बाहेर नेली.

एक शंका राहिलीच. मावशी परत जाताना सोमवारी वाटेत ढाब्यावरही जेवल्या होत्या. मग ते तिथलंही असू शकतं ना?

बर्फाची_लादी:
असू शकतं. तपासणी झाली नाही, त्यामुळे पक्कं कुणीच सांगू शकणार नाही. त्यांना फोन करून विचारा, नातवाने ढाब्यावर काय खाल्लं? दोघांच्या पोटात सामाईक काय होतं, त्यावरून थोडा अंदाज येईल.

सुरंगीचा_वळेसर:
विचारलं. ढाब्यावर मावशींनी दहीभात खाल्ला, नातवाने फक्त वेफर्स. शुक्रवारी लोहाराकडून नवी विळी येतेय, खवणी नसलेली. तिच्या लाकडाला लाल रंग लावायला सांगितलाय.

खलाशी_07:
लाल रंग तेलाचा घ्या, साधा पाण्याने जातो.